जागच्या जागी पाढे

पाढ्यांचा खेळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. फळ्यावर प्रश्न लिहिलेला आहे, एक मूल जागेवरून उठतं, धावत पुढे येतं, उत्तर लिहितं आणि टाळ्या घेऊन परत जातं. वीस मुलांच्या वर्गात हे जमून जातं. पण शहरातली एखादी जुनी शाळा घ्या. लोखंडी चौकटीचे, जमिनीत पक्के केलेले बाक, बाकांच्या तीन रांगा, एकेका रांगेत सात बाक, आणि दोघांच्या बाकावर तिघं. म्हणजे एकूण ६३ मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं लिहिलेलं आहे. पण वर्गात उभ्या असलेल्या बाईंसमोर त्या क्षणी ६३ चेहरे असतात, आणि खेळ त्यांच्यासाठीच शोधायचा असतो.

अशा वर्गात तो फळ्याचा खेळ खेळून बघा. मधल्या मुलाला बाहेर यायचं तर कडेच्या मुलाला आधी उठावं लागतं. मग दप्तरं ओलांडत फळ्यापर्यंत जायचं, खडू घ्यायचा, लिहायचं आणि परतायचं. एकाला वीस सेकंद धरली, तरी ६३ मुलांना एकवीस मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासातला मोठा भाग गेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला आला एकच प्रश्न. उरलेली वीस मिनिटं तो दुसऱ्यांचं बघत बसला. वर्ग खूश असतो, गलकाही भरपूर होतो, पण पाढे होते तिथेच राहतात.

म्हणून अशा वर्गासाठी खेळ निवडताना आधी एकच गोष्ट मोजावी: पाच मिनिटांत प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोक्यातून किती वेळा उत्तर काढावं लागलं? या हिशेबात सामुदायिक पाठांतरही मार खातं. सगळा वर्ग एका सुरात ‘सात सक बेचाळीस’ म्हणतो तेव्हा तोंड सगळ्यांचं हलतं, पण उत्तर काढतात पुढची दहाबारा मुलं. बाकीची त्या सुरावर स्वार होऊन अर्ध्या क्षणाने तेच म्हणतात. घरी संध्याकाळी परवचा म्हणताना मूल एकटं किंवा भावंडांबरोबर असे, त्यामुळे कुठे अडखळलं ते आजीला लगेच कळे. ६३ आवाजांत ते ऐकूच येत नाही. परवच्याचा सूर आणि लय वाईट नाहीत. मात्र त्या लयीने शिकलेलं मूल ‘सात आठे?’ विचारल्यावर ‘सात एके सात’पासून जिना चढू लागतं आणि आठव्या पायरीवर पोचेपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो.

तेव्हा आपल्याला हवे असलेले खेळ असे: कुणीही जागा सोडायची नाही, सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर द्यायचं, ते उत्तर शरीराने द्यायचं म्हणजे बाईंना एका नजरेत दिसेल, आणि शेजाऱ्याचं बघून देता येणार नाही. असे तीन खेळ आणि त्यांच्या आधीचा एक पाया इथे सातच्या पाढ्यावर मांडतो. सात घेतला, कारण मुलं सर्वाधिक अडखळतात तो बहुधा हाच.

वर्ग हाच पाढा

पक्के बाक ही अडचण वाटते, पण पाढ्यासाठी ते चांगले असतात. ते सरकत नाहीत, म्हणून ओळी मोडत नाहीत. आपल्या ६३ मुलांच्या वर्गात आडवं पाहिलं तर तीन बाकांवर तीन तीन मुलं, म्हणजे एका आडव्या ओळीत नऊ. अशा सात ओळी. उभं पाहिलं तर फळ्याकडून मागच्या भिंतीपर्यंत एकामागे एक सात मुलं. अशा उभ्या ओळी नऊ. नऊचा पाढा आणि सातचा पाढा दोन्ही खोलीत आधीपासूनच बसलेले आहेत, फक्त त्यांना उभं करायचं आहे.

पहिल्या दिवशी हेच करावं. खिडकीकडच्या पहिल्या उभ्या ओळीतली सात मुलं उठतात, वर्ग म्हणतो ‘सात’. ती उभीच राहतात, शेजारची ओळ उठते, ‘चौदा’. मग ‘एकवीस’. इथे खिडकीकडची बाकांची अख्खी रांग उभी झालेली दिसते. असं करत नवव्या ओळीला ‘त्रेसष्ट’ येतं आणि सगळा वर्ग उभा असतो. आता उलटं. शेवटची ओळ बसते, उरले छप्पन. मग एकोणपन्नास. उलटा पाढा मुलांना तोंडी जड जातो, पण डोळ्यांसमोर सात सात मुलं खाली बसताना तो समजतो.

मग बाई म्हणतात, “सगळे बसा. आता पुढच्या चार आडव्या ओळी उभ्या.” किती उभे? छत्तीस. बसलेले किती? सत्तावीस. दोन्ही मिळून? पुन्हा त्रेसष्ट. यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: मघाशी सात सातच्या नऊ ओळी उभ्या केल्या, आता नऊ नऊच्या सात ओळी उभ्या केल्या, तर मुलं वाढली का? नाही. तीच मुलं, तेच बाक. सात नवे आणि नऊ साते एकच, हे सांगून पटत नाही, पण स्वतः दोनदा उभं राहिल्यावर पटतं.

हे पटलं की पाढ्यांचं ओझं बरंच उतरतं. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात. उलटसुलट जोड्या एकच धरल्या की राहतात ५५. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे गुणाकार बहुतेक मुलांना तिसरीपर्यंत सोपे झालेले असतात. ते वगळले की ३, ४, ६, ७, ८ आणि ९ यांचे आपसातले फक्त २१ गुणाकार खरे कठीण उरतात. पुढचे खेळ या एकवीसांसाठी आहेत.

अनुपस्थित मुलांचं काय? रोज कुणी ना कुणी नसतंच. “बाई, आमच्या बाकावर दोघंच,” असं कुणीतरी म्हणतं. त्या जागी दप्तर बाकावर उभं ठेवावं आणि तेच मूल मानावं. जास्त मुलं नसतील तर वजाबाकीही करून घ्यावी: छप्पन व्हायला हवे होते, दोन नाहीत, मग उभे किती? तुमच्या वर्गाची रचना वेगळी असेल तर पाढे वेगळे निघतील. दोन दोन मुलांच्या बाकांच्या चार रांगा आणि प्रत्येक रांगेत सहा बाक असतील, तर आडवा आठचा पाढा आणि उभा सहाचा. तास सुरू होण्याआधी कागदावर आपल्या वर्गाचा आराखडा काढून कुठले पाढे बसलेत ते पाहून ठेवावं.

ही झाली समज. आठवण यातून पक्की होत नाही, कारण एका ओळीने उठायचं आणि बाकीच्यांनी मोजायचं, यात प्रत्येकाला उत्तर काढावं लागतंच असं नाही. हा पाया पाढ्यामागे एकदाच घालायचा आणि पुढे जायचं.

उठाबशीची शिडी

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या आकड्यात ३५ लिहायचं. सात पंचे पस्तीस जवळजवळ सगळ्यांना येतं, म्हणून ती मधली पायरी. ताठ बसणं म्हणजे पस्तीस. एक पायरी वर, म्हणजे सात अधिक, तर उभं राहायचं. आणखी एक वर, तर उभं राहून दोन्ही हात वर. पस्तीसपेक्षा एक पायरी खाली, तर डोकं बाकावर टेकायचं. म्हणजे चार अवस्था आणि चार संख्या: अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास.

बाई म्हणतात, “बेचाळीस!” थोडं थांबून टाळी वाजवतात. टाळी झाली की सगळ्यांनी एकदम आपापली अवस्था घ्यायची. ६३ मुलांमध्ये कोण चुकलं ते लगेच दिसतं, कारण उभ्या मुलांमध्ये बसलेलं डोकं लपत नाही. एका प्रश्नाला सहा सेकंद धरली तर चार मिनिटांत चाळीस प्रश्न होतात आणि प्रत्येक मूल चाळीस वेळा उत्तर शोधतं. फळ्याकडे धावण्याच्या खेळात एकवीस मिनिटांत एक प्रश्न होता.

इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. बाईंनी ‘सात सक’ असं विचारलं, तर खेळ पोकळ होतो. सहा हे पाचापेक्षा एकाने जास्त एवढं कळलं की मूल उभं राहतं, मग बेचाळीस येवो न येवो. म्हणून या खेळात गुणाकार विचारायचा नाही, उत्तर सांगायचं. ‘एकोणपन्नास’ ऐकल्यावर ते पस्तीसपासून किती सात दूर आहे ते मुलाला काढावंच लागतं. त्यात अधूनमधून चकवा टाकावा: ‘सत्तेचाळीस!’ सातच्या पाढ्यात ही संख्या नाही, तेव्हा हाताची घडी घालून जागेवरच राहायचं. चकव्याला किती जण उभे राहतात त्यावरून वर्ग विचार करून उठतोय की नुसत्या तालावर, ते समजतं.

दुसरा बारकावा अवस्थांचा. आठवडाभर ‘हात वर म्हणजे एकोणपन्नास’ असंच ठेवलं तर मुलं गणित सोडून कवायत पाठ करतात. म्हणून मधली पायरी बदलावी. तिसऱ्या दिवशी फळ्यावर ५६ लिहावं. आता ताठ बसणं म्हणजे छप्पन, उभं राहणं त्रेसष्ट, हात वर सत्तर आणि डोकं खाली एकोणपन्नास. काल हात वर करून दाखवलेली संख्या आज डोकं टेकवून दाखवायची आहे, म्हणजे तिची जागा नव्याने शोधावी लागते. सुरुवातीला चुका वाढतात, ते ठीक आहे. चुका दोन दिवसांनी कमी झाल्या नाहीत तर मात्र पुन्हा पस्तीसवर यावं.

शिडी खेळवताना शेजाऱ्याचं पाहून उठणारी मुलं असतातच. ती अर्धा क्षण उशिरा हलतात, त्यामुळे ओळखू येतात. त्यांना टोकण्याऐवजी डोळे मिटून खेळायला सांगावं. सगळ्या वर्गाने मिटायचे, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

आणि एखाद्या मुलाला उभं राहणं जमत नसेल, पाय मोडलेला असेल किंवा बाकाची बैठक आणि पुढची पाटी यांत उंच मुलाला ताठ उभं राहायला जागाच नसेल, तर त्या दिवशी सगळ्यांनीच हातांची शिडी खेळावी: हात मांडीवर, बाकावर, खांद्यावर, डोक्यावर. चारही उंची लांबून नीट दिसतात. पलीकडच्या वर्गात परीक्षा चालू असेल किंवा दोन वर्गांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची आडभिंत असेल, तेव्हाही हाच प्रकार सोयीचा, कारण त्याला आवाज नाही.

बोटांवरचे दशक आणि एकक

शिडीत मूल उत्तर ओळखतं. पण स्वतःहून उत्तर तयार करणं ही पुढची पायरी, आणि तिच्यासाठी एका बाकावर तिघं असणं हीच सोय होते. बाकाच्या डाव्या टोकाच्या मुलापुढे खडूने ‘द’ लिहायचं, उजव्या टोकाच्या मुलापुढे ‘ए’. डावं मूल बोटांनी दशक दाखवणार, उजवं एकक. मधलं मूल पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर पूर्ण उत्तर लिहून पालथं धरणार. शून्यासाठी मिटलेली मूठ.

बाई विचारतात, “सात आठे?” सगळ्यांच्या मुठी छातीशी. “एक, दोन, दाखवा!” डावीकडून पाच बोटं, उजवीकडून सहा. मधला पाटी उलटतो: ५६. तिघांपैकी कुणालाही दुसऱ्यावर विसंबून चालत नाही, कारण नुसता एकक दाखवायचा तरी पूर्ण छप्पन डोक्यात यावे लागतात. दर पाच प्रश्नांनी कामं बदलायची, म्हणजे मुलं जागेवरच राहतात आणि खडूची अक्षरं पुसून सरकतात.

बाईंना हे सगळं आरशासारखं उलटं दिसतं. मुलांचं डावं ते बाईंचं उजवं, त्यामुळे छप्पन समोरून पासष्टसारखे वाटतात. ही सवय बाईंनी लावून घ्यायची. मुलांची बाजू उलटी करायची नाही, कारण मूल वहीत जसं लिहितं तसंच बाकावर दिसलं पाहिजे. एकवीस बाक वाचायचेही नसतात. बहुसंख्य हात सारखे असतात, नजर फक्त वेगळ्या हातांवर अडकते.

या खेळात तोंडी पाठांतरात कधीच न सापडणारी एक चूक उघडी पडते. मूल ‘सात सत्ते एकोणपन्नास’ अगदी बरोबर म्हणतं आणि बोटांनी ५ आणि ९ दाखवतं. त्याच्या कानात ‘पन्नास’ राहिलेलं असतं. ‘त्रेसष्ट’ म्हणून ३ आणि ६ दाखवणारी मुलंही असतात, कारण आपल्या संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी नावांऐवजी ‘साठ तीन’ असं वाचन आणलं तेव्हा राज्यभर वाद झाला. त्यामागची अडचण हीच होती. वाद बाजूला ठेवला तरी वर्गातला उपाय सोपा आहे: अशा मुलांकडून आठवडाभर तोंडी उत्तर घ्यायचं नाही, बोटांवरच घ्यायचं. दोन वेगळ्या हातांनी दशक आणि एकक दाखवताना त्या दोन आकड्यांच्या जागा पक्क्या होतात. मुलाला पाढा येत नाही असा शेरा मारण्याआधी त्याला संख्या लिहिता येते का, ते इथे तपासून होतं.

बाकाची साखळी

तिसरा खेळ आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. यासाठी जुन्या लग्नपत्रिका लागतात. त्यांची कोरी बाजू तळहाताएवढी कापून ६३ पत्ते करायचे, तीन रांगांसाठी तीन संच. प्रत्येक संचात एकवीस पत्ते. योगायोगाने कठीण गुणाकारही एकवीस आणि रांगेतली मुलंही एकवीस. प्रत्येक पत्त्यावर वर एक उत्तर आणि खाली एक प्रश्न लिहायचा. पहिला पत्ता म्हणतो, “माझ्याकडे त्रेसष्ट. सात सक कुणाकडे?” ज्या बाकाकडे बेचाळीस असेल तो म्हणतो, “आमच्याकडे बेचाळीस. आठ साते कुणाकडे?” असं फिरत फिरत साखळी पहिल्या पत्त्याशी येऊन जुळते.

पत्ते करताना एक अडचण हमखास येते. त्या एकवीस गुणाकारांत २४ दोनदा येतात, तीन आठे आणि चार सक. ३६ ही दोनदा, चार नवे आणि सहा सक. साखळीत तीच संख्या दोन पत्त्यांवर असेल तर दोन बाक एकदम उठतात आणि साखळी दुसऱ्याच वाटेने जाऊन अर्धे पत्ते न फिरताच मिटते. म्हणून चार सक आणि सहा सक बाजूला काढून त्यांच्या जागी पाच साते पस्तीस आणि पाच नवे पंचेचाळीस घालावेत. मग एकवीसही उत्तरं वेगवेगळी होतात. काढलेले दोन गुणाकार बोटांच्या खेळात विचारून घ्यावेत.

आपल्या मोजपट्टीवर हा खेळ कमी ठरतो, कारण एका वेळी एका रांगेतलं एकच पान पुढे जातं. तरी तो आठवड्यातून एकदा ठेवावा, कारण पुढचा प्रश्न कोणता येईल ते माहीत नसल्यामुळे कान सतत उघडे ठेवावे लागतात. मात्र एकट्या मुलाला उभं करू नये. साखळी अडली की वर्गाच्या नजरा ज्याच्यावर जातात, ते मूल पुढच्या शुक्रवारी पोट दुखतं म्हणून घरी राहतं. तीन पत्ते तिघांचे, आणि बाकाने मिळून उत्तर द्यायचं, असं ठेवलं की ही भीती बरीच कमी होते. रांगांची एकमेकांशी शर्यतही लावू नये. प्रत्येक रांगेला लागलेला वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि पुढच्या शुक्रवारी त्याच रांगेचा नवा वेळ त्याखाली लिहावा. पहिल्यांदा चार मिनिटं लागली तर पाढे पक्के होत गेले की ती दोनवर येतात.

आठवडा कसा जातो

हे सगळं रोजच्या गणिताच्या तासातल्या पहिल्या आठ मिनिटांत बसतं. सोमवारी वर्ग उभा करून सातचा पाढा दाखवायचा. मंगळवारी पस्तीसची शिडी, बुधवारी छप्पनची. गुरुवारी बोटांचा खेळ, आणि त्यात फक्त सात न विचारता आधी झालेले तीन, चार, सहा यांचे गुणाकारही मिसळायचे. एकच पाढा सलग विचारला तर मूल प्रश्न नीट न ऐकताच त्या पाढ्यातली कुठली तरी संख्या सांगू लागतं. शुक्रवारी साखळी. पुढच्या आठवड्यात आठचा पाढा सुरू झाला तरी मंगळवारी दोन मिनिटं सातची शिडी पुन्हा घ्यायची, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा. विसरायला लागल्यावर पुन्हा आठवायला लावलं की ते जास्त टिकतं. सलग आठवडाभर घोकलेलं सुट्टीत उडून जातं, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे.

पण याआधी, अगदी पहिल्या दिवशी, थांबण्याची खूण शिकवावी लागते. बाईंनी हात वर केला की सगळ्यांनी बोलणं थांबवून आपलाही हात वर करायचा. पाढा नाही, खेळ नाही, ही एकच गोष्ट चार वेळा करून घ्यावी. ६३ मुलं एकदम उठल्यावर ओरडून शांत होत नाहीत, आणि एकदा बाईंचा आवाज चढला की मुलांचाही चढतो. दप्तरं बाकाखाली सरकवलेली, पाण्याच्या बाटल्या पाटीवरून खाली घेतलेल्या, पायांत अडकेल असं काही नाही, एवढं पाहिलं की धडपड होत नाही. बाक पक्के असल्यामुळे ओढण्याचा कर्कश आवाज नाही. लोखंडी चौकटीवर गुडघा आपटतो तेवढा सांभाळायचा.

चुका वाचायच्या कशा

शुक्रवारच्या साखळीनंतर वहीचा पाव कागद आणि दहा प्रश्न. बाई पाच पाच सेकंदांनी प्रश्न वाचतात, मुलं फक्त उत्तरं लिहितात. हालचाल नाही, मदत नाही. खेळात येणारं कागदावर येतंय का, ते इथेच समजतं. कागद मागच्या बाकाला तपासायला द्यायचे आणि मग गोळा करायचे. गुण लिहायची गरज नाही, चुकीचं उत्तर काय लिहिलं तेवढं पाहायचं.

समजा प्रश्न होता सात आठे. ज्याने ६३ किंवा ४९ लिहिलं, तो जिना चढतोय आणि एक पायरी चुकला. त्याला छप्पनच्या शिडीची आणखी गरज आहे. ज्याने ६५ लिहिलं त्याला पाढा येतो, दशक-एककाची जागा चुकली. त्याला बोटांचा खेळ. ज्याने ५४ लिहिलं तो सहा नवेशी गोंधळला. असे दोन गुणाकार पुढच्या आठवड्यात पाठोपाठ विचारावेत, म्हणजे फरक लक्षात राहतो. आणि ज्याने १५ लिहिलं, त्याने सात आणि आठ यांची बेरीज केली. त्याच्यासाठी यातला एकही वेगाचा खेळ नाही. त्याला पुन्हा सोमवारच्या ओळींकडे न्यावं लागतं, खडूने ठिपके काढून, बिया मांडून. अशी मुलं सहसा मोजकीच असतात आणि ती खेळात शेजाऱ्याबरोबर उठत राहतात, म्हणून कागदाशिवाय सापडत नाहीत. एखादा गुणाकार वर्गातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांचा चुकला, तर तो सगळ्यांना पुन्हा शिकवावा. त्याहून कमी असतील तर तेवढ्यांनाच मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं जवळ घ्यावं.

हालचालीने नक्की काय होतं

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे नीट तपासून पाहिलं. साधारण पाचशे मुलांच्या अभ्यासात काही वर्गांना दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, गणित आणि भाषेचे धडे हालचालीसह दिले. मुलं आपल्या बाकाशेजारी उभी राहून जागच्या जागी पळत आणि दोन त्रिक विचारलं की सहा उड्या मारत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांची गणितातली गती, एकूण गणित आणि शुद्धलेखन इतर वर्गांपेक्षा सरस होतं. वाचनात मात्र फरक नव्हता. म्हणजे जागेवरची हालचाल पुरते, मैदान लागत नाही. पण ही मुलं तीन आठवडे खेळून सुधारली नव्हती, दोन वर्षं सातत्याने खेळली होती. आणि उडी मारल्याने आपोआप गणित येत नाही हेही त्यातून दिसतं, नाहीतर वाचनही सुधारलं असतं. सरावाच्या प्रश्नाला हालचाल जोडलेली होती, तिथे फायदा झाला.

उड्यांच्या त्या प्रकाराला गर्दीच्या वर्गात मर्यादा पडतात. सात आठेला छप्पन उड्या मारल्या तर तास संपेल, आणि मोजता मोजता मूल पुन्हा एक एक मोजण्याकडे जाईल. दोन-तीनच्या पाढ्यांना उड्या चालतात, त्यापुढे हालचालीने एकेक वस्तू न मोजता एक अख्खी पायरी दाखवली पाहिजे. शिडीत एकदा उठणं म्हणजे सात, ते यासाठीच.

ज्या पाढ्याचे गुणाकार शुक्रवारच्या कागदावर सलग तीन आठवडे जवळजवळ सगळ्यांचे बरोबर आले, त्या पाढ्याचा खेळ बंद करावा. मुलांना तो आवडत असतो, ती मागणी करतात, पण येणाऱ्या पाढ्यावर खेळत राहणं म्हणजे पुन्हा फळ्याकडे धावण्यासारखंच. ती आठ मिनिटं पुढच्या कठीण गुणाकाराची आहेत. सातचे पत्ते रबर लावून कपाटात ठेवावेत, फळ्यावरचे ५६ पुसून ४८ लिहावेत आणि म्हणावं, “आजपासून बसलेले म्हणजे आठ सक. बोला, चाळीस दाखवायला काय करायचं?”